तांबडा सगळ्यांत वर

हिवाळेबाईंना वर्गात खुर्चीवर बसलेलं कुणी पाहिलं नाही, असं बोरगव्हाणची माणसं अजून सांगतात. खुर्ची होती. टेबलाला टेकून ती वर्षभर उभी असायची आणि बाई पोरांच्या रांगांमधून फिरत असायच्या, कधी खाली बसकरावर, कधी दारात, कधी थेट अंगणात. फळ्यावर जे मावत नाही ते अंगणात मावतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचं पूर्ण नाव बेबीनंदा भिवा हिवाळे; लग्नानंतरही माहेरचंच ठेवलेलं. माहेर भोकरदनच्या अलीकडचं. बाप मजुरीनं लोकांच्या कपाशीवर फवारणी करायचा. पाठीवर पंप, तोंडाला उपरण्याचा फडका, पायात काही नाही. बेबीनंदा आठ-नऊ वर्षांची असताना दिवस कलताना बापासाठी पाण्याची कळशी घेऊन बांधावर जायची. एका संध्याकाळी तिनं पाहिलं की बापाच्या हातातल्या नळीतून धुकं उडतंय आणि त्या धुक्यात एक हातभर इंद्रधनुष्य उभं आहे. बाप पुढं सरकला की तेही पुढं सरकतंय. ती हरखून धावत निघाली, तसा भिवा तिथूनच ओरडला. "तिथंच थांब. ते पाणी न्हाई, इख हाय. पाठीला ऊन घे अन् लांबूनच बघ."

बापाला शाळा ठाऊक नव्हती. पण इंद्रधनुष्याचा पहिला नियम त्यानंच लेकीला दिला. पाठीला ऊन घे.

पुढं ती शिकली, जालन्याला डी.एड. झाली, आणि जाफराबाद तालुक्यातल्या बोरगव्हाणच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर आली. पहिल्याच वर्षी तिच्या ध्यानात आलं की सात रंगांची नावं पोरं तोंडपाठ म्हणतात, पण कुठला वर आणि कुठला खाली हे विचारलं की एकमेकांकडं बघतात. त्या वर्षी बाईंनी एक गाणं केलं. कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. भाकरी थापता थापता जुळवलेलं होतं, आणि चालही थापण्याचीच होती.

*ऊन माझ्या पाठीमागं, पाऊस माझ्या पुढं,*
*थेंबामधी शिरता शिरता ऊन होई वाकडं.*
*मागच्या भिंतीला धडकून फिरलं माघारी,*
*बाहेर येता येता आली सात रंगांची स्वारी.*

*तांबडा सगळ्यांत वर, जसा मिरचीचा मळा,*
*नारिंगी त्याच्या खाली, मंग झेंडू पिवळा.*
*हिरवी ज्वारी मधोमध, तिच्या खाली निळा,*
*पारव्याच्या मानेचा पारवा, तळाला जांभळा.*

गाणं नुसतं म्हणायचं नसे. बाई अंगणात पांढऱ्या फक्कीनं मोठं वर्तुळ आखायच्या. हा थेंब. सात पोरं एकमेकांचे हात घट्ट धरून यायची. ते ऊन. हात धरलेले असले की ऊन पांढरं, एकजीव. थेंबाच्या रेषेवर पाय पडला की सगळ्यांनी जरा वळायचं; तांबड्यानं सगळ्यांत कमी, जांभळ्यानं सगळ्यांत जास्त. त्या वळण्यातच हात ताणायचे आणि सुटायचे. पलीकडच्या रेषेला धडकायचं, माघारी फिरायचं, आणि बाहेर पडताना पुन्हा वळायचं. आत शिरताना एक होते, बाहेर पडताना सात. ज्या पोराला जांभळा व्हायला मिळे तो दिवसभर मिरवायचा, कारण सगळ्यांत जास्त गिरकी त्याची.

कुणी हुशार पोर विचारायचंच, की एका थेंबातून सातही रंग निघतात तर आभाळात ते वेगवेगळ्या जागी का दिसतात. मग बाई त्याला समजावायच्या. निघतात सातही, पण तुझ्या डोळ्यापर्यंत एका थेंबातला एकच पोचतो. उंचावरच्या थेंबातला तांबडा जास्त उतार घेऊन तुझ्या डोळ्यात येतो, त्याच थेंबातला जांभळा तुझ्या डोक्यावरून निघून जातो. तुला जो जांभळा दिसतो तो खालच्या थेंबातला. म्हणून तांबडा वर. हे देवानं ठरवलेलं नाही आणि बाईनं तर बिलकुलच नाही, उन्हाच्या वळण्यानं ठरवलंय.

असं सात-आठ वर्षं चाललं. बोरगव्हाणात ज्वारी काढणाऱ्या बायकासुद्धा ते गाणं म्हणायला लागल्या. आणि मग १९९८ साल आलं, त्याबरोबर बोलक्या भिंती आल्या.

शाळांच्या भिंती रंगवा, त्यांवर चित्रं काढा, पोरं भिंतीकडं बघून शिकतील, असा कागद सगळीकडं फिरत होता. बोरगव्हाणात सर्जेराव म्हणजे गावचं मोठं घर आणि ग्रामशिक्षण समितीचे अध्यक्ष. लोक त्यांना अण्णा म्हणत. वडील अप्पाराव नुकतेच वारलेले, त्यांच्या आठवणीत अण्णांनी एक भिंत रंगवून द्यायचं कबूल केलं. कचरू पेंटरला बोलावलं. कचरू म्हणजे जाफराबादच्या दुकानांच्या पाट्या, पोळ्याला बैलांची शिंगं आणि निवडणुकीत कोणत्याही पक्षाची भिंत रंगवणारा माणूस. त्याच आठवड्यात बाई प्रशिक्षणाला जालन्याला गेल्या होत्या.

त्या परत आल्या तेव्हा शाळेच्या दर्शनी भिंतीवर इंद्रधनुष्य झळकत होतं. भिंतभर रुंद, ऑइलपेंटचं, दुरून रस्त्यावरून दिसेल असं. कमानीखाली ठळक अक्षरांत 'कै. अप्पाराव यांच्या स्मरणार्थ.' आणि कमानीत सगळ्यांत वर जांभळा. तळाला तांबडा.

बाई दप्तर काखेत घेऊन भिंतीसमोर उभ्या राहिल्या. तिसरीतली शिवकन्या त्यांच्या पदराला धरून उभी होती. ती बराच वेळ भिंतीकडं बघत होती. मग तिनं हळूच विचारलं, "बाई, गाणं खोटं हाय का भिंत?"

बाईंनी तिथल्या तिथं सांगितलं, "गाणं खरं हाय."

मुख्याध्यापक धर्मराज गुरुजी चांगले गृहस्थ होते, पण निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस पाण्यात पाय टाकायच्या आधी तळ चाचपतो. बाईंनी भिंतीचं सांगितल्यावर ते म्हणाले की रंग तर सातच्या सात आहेत, एखादा वर-खाली झाला म्हणून कुणाचं काय बिघडलं. एखादा नाही, सगळे उलटे आहेत, असं बाई म्हणाल्या. गुरुजींनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि ती गोष्ट जशीच्या तशी अण्णांच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः शाळेत आले. त्यांच्यासाठी खुर्ची बाहेर आली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग एक तोड सांगितली.

"भिंतीला खर्चा लागलाय, बाई. गाण्याला काय लागलं? गाणं फिरवा. जांभळा सगळ्यांत वर, असं म्हणा. चालीत बराबर बसतंय."

बाई म्हणाल्या, "चालीत बसंल अण्णा, आभाळात बसायचं न्हाई."

"आभाळ बघायला कोण चाललंय? पुढल्या आठवड्यात साहेब येऊन राह्यलेत. त्यांच्यापुढं पोरांनी भिंतीकडं बोट करायचं अन् एक म्हणायचं, भिंत दुसरंच सांगायची. माझ्या बापाच्या नावाखाली हसं व्हायचं. ते म्या होऊ देणार न्हाई."

"मंग भिंत बदला."

अण्णा उठले. जाताना धर्मराज गुरुजींना उद्देशून, पण बाईंना ऐकू जाईल असं, म्हणाले की तालुक्याच्या त्या टोकाला एकशिक्षकी शाळा रिकामीच पडलीय, तिथं एसटीसुद्धा जात नाही, तिथं गाणी म्हणायला भरपूर शांतता आहे.

बाईंची दोन लेकरं लहान होती. नवरा जालन्याला एका बियाण्याच्या गोदामात कामाला, आठवड्याला येणारा. गुरुजींनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं की एक दिवसाचा प्रश्न आहे, साहेब गेले की पोरांना पुन्हा खरं शिकवा. बाईंनी त्यांना एवढंच विचारलं की तिसरीतल्या पोराला आपण सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरं सांगितलं, तर बुधवारी त्यानं आपल्याकडून काय शिकावं. गुरुजी घंटा द्यायला निघून गेले.

तरी बाईंच्या मनात एक सल होताच. कचरू काही आंधळा नव्हता. बैलाच्या शिंगावर दोन बोटांच्या जागेत पाच पट्टे न चुकता ओढणारा माणूस सातही रंग अगदी ओळीनं, पण उलटे काढतो, म्हणजे कशावरून तरी काढले असणार. रविवारी जाफराबादच्या बाजारात त्या त्याच्या खोपटात गेल्या. तो कुणाच्या तरी किराणा दुकानाची पाटी रंगवत होता.

"कचरूभाऊ, इंद्रधनुष्य कुठं पाह्यलं?"

"पाह्यलं की. मागल्या भादव्यात, केळणा नदीच्या पुलावर. डोळ्यानं पाह्यलं, बाई. दोन आल्ते. एकावर एक. वरच्यात जांभळा वरच होता."

बाईंनी मान हलवली. दोन इंद्रधनुष्यं त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांना वाटलं, माणूस चूक झाकतोय. तो पुढंही काही सांगत होता, की भिंत वरून खाली रंगवावी लागते, खालून सुरू केलं की वरचे ओघळ खालच्या कामावर येतात. म्हणून वरची कमान आधी घेतली. पण बाईंनी ते अर्धंच ऐकलं आणि त्या निघाल्या. ही त्यांची चूक. पुढं आयुष्यभर त्यांनी ती कुणापासून लपवली नाही.

परतीच्या वाटेत त्यांनी कृषी केंद्रातून फवारणीचा एक कोरा पंप घेतला. वापरलेला गावात घरोघर होता, पण ज्याला एकदा इख लागलं तो पंप बाई पोरांच्या जवळपास येऊ देणार नव्हत्या. बापाचं ते ओरडणं त्यांच्या कानात होतं. पंप त्यांनी शाळेत आणून ठेवला आणि गुरुजींना सांगितलं, की साहेबांपुढं पोरं गाणं म्हणतील, आहे तेच म्हणतील, आणि ते खरं का खोटं हे साहेब स्वतः बघतील. गुरुजींनी तेही ओट्यावर नेलं.

साहेब म्हणजे विस्तार अधिकारी, भुजंगराव. बारा वाजता एसटीनं उतरले. अंगणात मांडव, मांडवात तीन खुर्च्या. पोरं ओळीत बसलेली. एरवी पाहुण्यांपुढं आधी स्वागतगीत होतं. अण्णांनी मात्र साहेबांना भिंत दाखवली, वडिलांचं नाव दाखवलं, आणि मग हसत हसत म्हणाले की आमच्या बाई पंपातून इंद्रधनुष्य काढतात, आधी तीच गंमत होऊन जाऊ द्या.

बाई पुढं झाल्या. आत्ता नाही, साडेचारला, असं त्यांनी सांगितलं. पण अण्णांनी कचरूला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्याच्या पाठीवर पंप चढवला. कचरूनं बिचाऱ्यानं दांडा हलवला, नळी आभाळाकडं केली. धुकं उडालं, उन्हात चमकलं, आणि खाली पडलं. मांडवाच्या कापडावर ओल आली. पहिलीतली दोन पोरं भिजली आणि नाचायला लागली. इंद्रधनुष्य काही आलं नाही. माणसं हसली. अण्णा सगळ्यांत शेवटी हसले, सावकाश.

"निघालं का, बाई? का धुवायला घातलंय?"

तिसरीची पोरं बाईंकडं बघत होती. शिवकन्या तर रडायलाच आली होती. बाईंनी पदर खोचला.

"ऊन डोक्यावर हाय," त्या साहेबांकडं बघून म्हणाल्या. "ऊन जितकं वर, कमान तितकी खाली. आत्ता ती जमिनीखाली बसलीय. दिवस कलू द्या, ऊन पाठीवर येऊ द्या, मंग वर येती. साडेचारला दाखवते. न्हाई दिसलं तर शेरेबुकात पाहिजे ते लिहा, मी खाली सही करते."

साहेबांना परतीची एसटी सव्वापाचलाच होती. तोवर त्यांना तसंही कुठं जाता येणार नव्हतं. ते म्हणाले, ठीक आहे, बघू, आणि अण्णांकडं जेवायला गेले.

ते चार तास बाईंना जड गेले. त्यांनी वर्ग नेहमीसारखा घेतला. परातीत पाणी भरून त्यात आरसा तिरपा ठेवला, दारातून येणारं ऊन त्यावर घेतलं, आणि वर्गाच्या चुन्याच्या भिंतीवर रंगांचा पट्टा पाडून पोरांना दाखवला. पाण्यात शिरलं की ऊन वाकतं, वाकलं की फुटतं. बाहेर ज्यांनी हसायचं ते हसले असतील, आत वर्गात त्या पट्ट्याला हात लावायला पोरांची झुंबड उडाली. मधून मधून बाई दारात येऊन आपल्या सावलीकडं बघायच्या. सावली पायाशी होती. मग कंबरेएवढी झाली. मग त्यांच्याहून लांब झाली, तेव्हा त्यांनी घंटा द्यायला सांगितलं.

साडेचारला सगळे पुन्हा जमले. ऊन पश्चिमेकडून तिरपं येत होतं. अंगणाच्या पूर्वेला मोठा कडुलिंब होता, त्याच्या गर्द पाल्याची काळोखी मागं. बाईंनी कचरूला लिंबाच्या अलीकडं, उन्हात, उभं केलं. पोरांना रांगेत, पाठ सूर्याकडं, तोंड लिंबाकडं. खुर्च्या मात्र दुपारी मांडल्या तिथंच होत्या, मांडवात, लिंबाच्या बुंध्याशी, सावलीत. पाहुण्यांचं तोंड पोरांकडं. म्हणजे सूर्याकडं.

कचरूनं दांडा मारला. धुकं उंच उडालं. आणि रांगेतून एकच गलका उठला. लिंबाच्या काळोख्या पाल्यावर कमान उभी राहिली होती. पोरांनी गाणं धरलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. 'ऊन माझ्या पाठीमागं, पाऊस माझ्या पुढं.'

अण्णा खुर्चीत मागं रेलले. "मला तर काहीच दिसत न्हाई. साहेब, तुम्हाला दिसून राह्यलं का?"

साहेबांनाही दिसत नव्हतं. डोळ्यांवर हात धरून ते धुक्याकडं बघत होते, त्यांना फक्त लखलखीत ऊन दिसत होतं. गाणं जरा डळमळलं.

बाई खुर्च्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"खुर्चीवरून दिसत न्हाई, अण्णा. उठावं लागतं. जिथं पोरं उभी हायत तिथं यावं लागतं अन् उन्हाला पाठ द्यावी लागती."

धर्मराज गुरुजींनी डोळे मिटून घेतले. भिवा हिवाळेची लेक सर्जेराव अण्णांना खुर्चीवरून ऊठ म्हणत होती, आणि गावाला ते ऐकू गेलं होतं. अण्णांचा चेहरा दगडासारखा झाला. पण साहेब उठले. चपला वाजवत पोरांच्या रांगेत गेले, शिवकन्येच्या शेजारी उभे राहिले, मागं वळून सूर्य कुठं आहे ते पाहिलं, आणि मग पुढं पाहिलं.

मग त्यांनी बोट वर केलं आणि पोरांबरोबर मोजल्यासारखं एक एक रंग खाली उतरवत आणला. तांबडा. नारिंगी. पिवळा. हिरवा. निळा. पारवा. जांभळा.

"तांबडा वर आहे," ते म्हणाले.

आणि त्याच वेळी, दांडा न थांबवता, कचरू म्हणाला, "साहेब, आजून थोडं वर बघा. बाई, तुम्हीबी."

बाईंनी रांगेत येऊन पाहिलं. कचरूनं नळी आणखी उंच केली. त्या कमानीच्या वर, थोडी काळसर जागा सोडून, दुसरी एक कमान होती. फिकट, आहे का नाही अशी. तिच्यात तांबडा आतल्या अंगाला होता. वरच्या काठाला जांभळा.

दिवसभर बाई ज्याच्यासाठी ताठ उभ्या होत्या, ते जिंकलेलं हातात होतं. आता गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. फिकट तर होती, भास म्हणून चाललं असतं. पण शिवकन्या बाजूलाच उभी होती, आणि तिनंही वर पाहिलं होतं.

"कचरूभाऊ खरं सांगत होता," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "मीच ऐकलं न्हाई. वरची कमान उलटी असती. भिंतीवर त्यानं तीच काढलीय."

अण्णा खुर्चीतूनच गरजले, "मंग? बराबर हाय ना भिंत?"

"अर्धी," कचरू म्हणाला. त्यानं आता दांडा सोडला होता, आणि धुक्याबरोबर दोन्ही कमानी विरल्या होत्या. "वरची फिकी काढली होती म्या, तुम्ही भडक कर म्हणाले. खालची, मुख्य, काढायची जागा मोकळी ठेवली होती. तुम्ही तिथं अप्पारावांचं नाव लिहून घेतलं."

सव्वापाचच्या एसटीआधी साहेबांनी शेरेबुकात दोन ओळी लिहिल्या. तिसरीचा वर्ग प्रत्यक्ष पाहून शिकतो, गीत निसर्गाला धरून आहे. भिंतीवरील चित्र पूर्ण करून घ्यावे.

अण्णांनी ते पूर्ण करून घेतलं नाही. बापाचं नाव एका बाईच्या शब्दावरून सरकवायचं नाही, असं त्यांनी ओट्यावर सगळ्यांना सांगितलं. कचरूला गावात यायची बंदी झाली. बाईंनी आपलं काम सोडलं नाही. रोज परिपाठाला पोरं त्या भिंतीसमोर उभी राहायची, आणि 'तांबडा सगळ्यांत वर' म्हणताना भिंतीकडं पाठ करून आभाळाकडं हात करायची. ओट्यावरून ते दिसायचं, ऐकू यायचं. मध्ये एकदा निरोप आला की निदान गाणं हळू म्हणा. त्या दिवशी चौथीचा वर्गही त्यांच्यात येऊन उभा राहिला, कारण त्यांनाही ते गेल्या वर्षीपासून पाठ होतं.

उन्हाळ्यात बाईंच्या हाती बदलीचा कागद पडला. तालुक्याच्या त्या टोकाची एकशिक्षकी शाळा. कागदावर कारण लिहिलेलं नव्हतं, आणि बाईंनी ते विचारलंही नाही. त्यांनी कोरा पंप खोक्यात घातला, लेकरांना घेतलं, आणि जीप मिळेल तिथवर जीपनं, पुढं पायी, नव्या गावाला गेल्या. निघताना धर्मराज गुरुजी वेशीपर्यंत आले. पंपाचं खोकं तिथवर त्यांनी स्वतः उचललं.

नव्या शाळेत पोरं अकरा. पहिल्याच आठवड्यात अकरा पोरांनी फक्कीचा थेंब ओलांडला. दिवाळीच्या सुट्टीत बाई जालन्याला गेल्या, जुन्या जालन्यातल्या रद्दीच्या दुकानात मोठ्या वर्गाचं भौतिकशास्त्राचं पुस्तक शोधलं, आणि उभ्या उभ्या ते पान वाचलं. वरच्या कमानीतलं ऊन थेंबाच्या आतल्या भिंतीला दोनदा धडकतं. दोनदा फिरल्यानं क्रम उलटतो, आणि दर धडकेला थोडं ऊन निसटतं म्हणून ती फिकी. पुस्तक त्यांनी घरी आणलं. त्या रात्री भाकरी थापताना गाण्याचं तिसरं कडवं झालं.

*दुसरी कमान उठते फिकी, तिची तऱ्हा न्यारी,*
*थेंबामधी दोनदा धडकून ऊन फिरे माघारी.*
*तिच्यामधी उलटे रंग, जांभळा जातो वर,*
*तांबड्यासमोर तांबडा, मधी सावळं अंबर.*

पहिल्या दोन कडव्यांतला एक शब्दही त्यांनी हलवला नाही.

आणखी एक वर्ष गेलं. भादव्यात एका संध्याकाळी कचरू सायकल ढकलत नव्या शाळेच्या अंगणात आला. कपड्यांवर ताज्या रंगाचे डाग होते. बाईंनी पाणी दिलं. पाणी पिऊन तो सांगायला लागला.

अण्णा कपाशीवर फवारणी करून घेत होते. स्वतः बांधावर उभे. दिवस कललेला, ऊन पाठीवर. गडी धुकं उडवत पुढं चालला होता आणि अण्णा एकदम थांबले. गड्याला त्यांनी तिथंच थांबवून तीन वेळा नळी वर करायला लावली. खुर्ची जवळपास नव्हतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी कचरूला बोलावणं गेलं.

"मला म्हणले, नाव खाली घे. जोत्याजवळ. मुख्य कमान काढ." कचरूनं तोंड पुसलं. "काढली. तांबडा वर. आता वरचीचा तांबडा अन् खालचीचा तांबडा समोरासमोर हायत. मधी सावळी पट्टी ठेवली, त्या दिवशी धुक्यात दिसली होती तशी. अण्णा बघत होते. म्हणले, बाईला सांग. दुसरं काही म्हणले न्हाई."

शाळा सुटायला आली होती. बाईंनी वहीचं एक पान फाडलं, तिसरं कडवं स्वच्छ अक्षरात उतरवून काढलं आणि कचरूच्या हातात दिलं.

"हे भिंतीवर लिही. अण्णांनी विचारलं तर सांग, गाणं फिरवलं न्हाई, लांबवलंय."

कचरूनं पान घडी करून खिशात ठेवलं. जाताना त्यानं विचारलं, की बाई परत बोरगव्हाणला येणार का, आता अण्णा काही म्हणायचे नाहीत.

बाईंनी अंगणाकडं पाहिलं. अकरा पोरं फक्कीच्या वर्तुळाभोवती उभी होती. जांभळा कुणी व्हायचं यावरून त्यांची हमरीतुमरी चालली होती.

"इथं अजून दुसरी कमान दाखवायची राह्यलीय," त्या म्हणाल्या. मग पंप उचलून पाठीवर घेतला, उन्हाला पाठ दिली आणि पोरांना रांगेत यायला सांगितलं.